पेपरातच चूक असेल तर? वाशीच्या बोर्डाला पत्र कधी आणि कसं द्यायचं

दहावी-बारावीचा पेपर सुटला की शाळेच्या फाटकाबाहेर दरवर्षी एक बोलणं ऐकू येतं. "तो प्रश्नच चुकीचा होता." संध्याकाळपर्यंत पेपरचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो, दोन-चार जण बोर्डाला शिव्या घालतात, एखादा म्हणतो "सगळ्यांना मार्क मिळणार बघा." आणि दुसऱ्या दिवशी पोरं पुढच्या पेपरच्या अभ्यासाला लागतात. ज्या कागदाने खरोखर काही होऊ शकतं तो कागद, म्हणजे बोर्डाला द्यायचं पत्र, बहुतेक वेळा कोणी लिहीतच नाही. लिहिलं तर निकाल लागल्यावर लिहितात, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

ठाणे, पालघर, रायगड आणि मुंबई या जिल्ह्यांचा कारभार राज्य मंडळाच्या मुंबई विभागीय मंडळाकडे आहे आणि त्याचं कार्यालय नवी मुंबईत वाशीला आहे. म्हणजे जव्हार-मोखाड्याचं पोरगं असो की मुरबाड, कर्जत, पोलादपूरचं, पेपरबाबतची तक्रार जायची ती वाशीलाच. तिथून ती पुण्याच्या मुख्य मंडळाकडे जाते, कारण प्रश्नपत्रिका आणि गुण द्यायचे नियम सगळ्या राज्याला एकच असतात आणि त्यांचा निर्णय पुण्यात होतो. हा रस्ता आणि त्यावरची वेळ समजून घेतली तर पत्राचं काम होतं. त्यासाठी 2023 मध्ये घडलेली एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे.

2023 चा बारावी इंग्रजीचा पेपर

21 फेब्रुवारी 2023 रोजी बारावीची परीक्षा सुरू झाली आणि पहिलाच पेपर इंग्रजीचा होता. राज्यातून साडेचौदा लाखांच्या आसपास मुलांनी नाव नोंदवलेलं होतं. 80 गुणांच्या त्या पेपरात प्रश्न तीन हा कवितेवरचा. कवितेचा उतारा दिलेला असतो आणि त्याखाली ए-1 ते ए-5 असे पाच उपप्रश्न असतात, प्रत्येकाला 2 गुण. मुलांनी पान उलटून पाहिलं तर ए-3, ए-4 आणि ए-5 या तीन जागी प्रश्नच नव्हते. त्या जागी पेपर तपासणाऱ्यांसाठीच्या सूचना आणि नमुना उत्तराचा मजकूर छापलेला होता. जो कागद तपासणाऱ्याच्या हातात असायला हवा, त्यातला मजकूर पोरांच्या पेपरात आला होता.

आता विचार करा, वर्गात बसलेल्या पोराने काय करायचं? पर्यवेक्षक प्रश्नाचा अर्थ सांगू शकत नाही. काहींनी छापलेलाच मजकूर उतरवून काढला. काहींनी कवितेवर आपल्या मनाने चार ओळी लिहिल्या. काहींनी नुसता उपप्रश्नाचा क्रमांक टाकला आणि खाली जागा सोडली. आणि काहींनी "इथे काही विचारलंच नाही" म्हणून काहीच लिहिलं नाही.

त्याच दिवशी शिक्षक आणि पालकांकडून हा विषय पुढे आला. मंडळाने चूक मान्य केली आणि विषयाच्या मुख्य नियामकांची संयुक्त सभा घेऊन मुलांच्या हिताचा निर्णय घेऊ असं सांगितलं. पुढे निर्णय झाला की या तीन उपप्रश्नांचे प्रत्येकी 2 असे 6 गुण द्यायचे. पण सरसकट नाही. उत्तरपत्रिकेत तीनपैकी एक गोष्ट दिसली पाहिजे, अशी अट होती. कविता विभागाचा नुसता उल्लेख तरी हवा, किंवा त्या विभागातला कोणताही प्रश्न सोडवायचा प्रयत्न हवा, किंवा ए-3, ए-4, ए-5 असे क्रमांक तरी लिहिलेले हवेत.

ही अट वरवर किरकोळ वाटते, पण सगळा धडा तिच्यातच आहे. मंडळाला गुण द्यायचे असले तरी तपासणाऱ्याला ते कुठेतरी लिहावे लागतात, आणि मूल त्या प्रश्नापर्यंत पोचलं होतं याची खूण कागदावर असावी लागते. ज्याने नुसते क्रमांक टाकले त्यालाही गुण मिळाले. ज्याने तो अख्खा विभागच कोरा सोडला, त्याच्याकडे दाखवायला काही राहिलं नाही. म्हणून पोरांना परीक्षेआधीच सांगून ठेवायची गोष्ट एवढीच की प्रश्न चुकीचा वाटला तरी क्रमांक टाका आणि जेवढं सुचेल तेवढं लिहा. गणितात माहिती अपुरी असेल तर "अमुक असे मानून" असं लिहून पुढची पायरी करा. पण तपासणाऱ्याला उद्देशून "सर, प्रश्न चुकीचा आहे, मार्क द्या" अशी विनवणी उत्तरपत्रिकेत करू नका, ती गैरप्रकारात धरली जाऊ शकते. विनंती करायची जागा पत्रात आहे, उत्तरपत्रिकेत नाही.

वेळ कुठे निघून जाते

पेपर झाल्यावर लगेच गठ्ठे तपासायला जात नाहीत. आधी त्या विषयाचे मुख्य नियामक एकत्र बसतात. प्रत्येक प्रश्नाचं कोणतं उत्तर बरोबर धरायचं, कोणत्या पायरीला किती गुण, दुसऱ्या पद्धतीने सोडवलं तर काय करायचं, हे ते ठरवतात. तेच पुढे विभागातल्या नियामकांकडे आणि त्यांच्याकडून शाळा-कॉलेजातल्या परीक्षकांकडे जातं. परीक्षकाने त्याप्रमाणे गुण द्यायचे असतात. एखादा परीक्षक मनातून म्हणत असेल की पोराचं उत्तर बरोबर आहे, तरी ठरलेल्या उत्तरात ते बसत नसेल तर त्याचा हात बांधलेला असतो.

म्हणजे पत्राला खरी किंमत आहे ती पेपर संपल्यापासून ही बैठक होईपर्यंत. हे थोडेच दिवस असतात. या काळात पत्र पोचलं तर त्या प्रश्नाचा निर्णय राज्यातल्या सगळ्या मुलांसाठी एकदाच होतो. कोणाला वेगळा अर्ज करावा लागत नाही, फी लागत नाही.

निकालानंतरची वाट वेगळी आहे. तेव्हा गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन हे मार्ग असतात, प्रत्येकाला फी आणि मुदत असते, आणि पुनर्मूल्यांकनाआधी छायाप्रत घ्यावी लागते. गुणपडताळणीत पाहतात ते बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का. पुनर्मूल्यांकनात उत्तर पुन्हा तपासतात, पण ते आधीच ठरलेल्या उत्तराप्रमाणेच. प्रश्नच सदोष होता हा मुद्दा या दोन्हीत नीट बसत नाही. तिथे एकेका मुलाचा कागद पाहिला जातो, प्रश्नपत्रिका नाही.

चूक कोणती, त्यावर मागणी ठरते

"प्रश्न चुकीचा आहे, सर्वांना पूर्ण गुण द्या" एवढंच लिहिलेलं पत्र सहसा कमजोर पडतं. कारण सगळ्या चुका एकसारख्या नसतात. प्रश्न छापलाच नाही, ही एक चूक. छपाईत आकडा किंवा शब्द बदलला आणि गणित सुटतच नाही, ही दुसरी. या दोन्हीत मुलाला उत्तर देताच येत नाही, म्हणून प्रयत्नाला गुण मागणं योग्य. तिसरी चूक अशी की प्रश्न सुटतो, पण त्याची दोन उत्तरं बरोबर येतात. तिथे सगळ्यांना गुण मागायचं कारण नाही, दोन्ही उत्तरं ग्राह्य धरा एवढंच मागायचं. चौथी, एका माध्यमाच्या पेपरात एक आणि दुसऱ्या माध्यमाच्या पेपरात वेगळंच छापलेलं असतं. तिथे दोन्ही पेपर शेजारी ठेवून फरक दाखवावा लागतो.

आणि एक पाचवा प्रकार आहे, ज्यात चूकच नसते. प्रश्न अवघड असतो, किंवा पुस्तकातल्यापेक्षा वेगळ्या शब्दांत विचारलेला असतो. पत्र लिहायच्या आधी त्या विषयाच्या दोन शिक्षकांना, एकमेकांशी न बोलता, तो प्रश्न सोडवायला सांगावं. दोघं वेगवेगळ्या बरोबर उत्तरावर आले, किंवा दोघंही एकाच जागी अडले, तर चूक आहे. दोघांना सारखंच उत्तर मिळालं तर पेपरला दोष देण्यात अर्थ नाही.

एक उदाहरण सोडवून पाहू

हे उदाहरण समजण्यासाठी बनवलेलं आहे, कुठल्या पेपरातलं नाही. समजा दहावीच्या बीजगणितात असा प्रश्न आला: "एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज 9 आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या व मूळ संख्या यांतील फरक 27 आहे. तर मूळ संख्या काढा."

वाचायला प्रश्न सरळ आहे. पण सोडवून बघा. 63 घेतली तर 6 आणि 3 यांची बेरीज 9. अदलाबदल केली की 36, आणि 63 वजा 36 म्हणजे 27. बरोबर. आता 36 घेतली तर 3 आणि 6 ची बेरीज 9, अदलाबदल केली की 63, फरक पुन्हा 27. तेही बरोबर. घोळ "फरक" या एका शब्दात आहे. कोणती संख्या मोठी हे सांगितलेलं नाही. "नवीन संख्या मूळ संख्येपेक्षा 27 ने जास्त आहे" असं लिहिलं असतं तर 36 हे एकच उत्तर आलं असतं.

नियामकांच्या उत्तरात फक्त 36 धरलं तर 63 लिहिणाऱ्या पोराचा शेवटचा गुण जातो, आणि त्याची काही चूक नसते. अशा वेळी पत्र साधारण असं असावं:

प्रति,
मा. विभागीय सचिव,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
मुंबई विभागीय मंडळ, वाशी, नवी मुंबई.

मार्फत: मा. मुख्याध्यापक, (शाळेचे नाव)

विषय: गणित भाग 1, दि. (तारीख), प्रश्न क्र. (क्रमांक व उपक्रमांक) यात दोन उत्तरे संभवत असल्याबाबत.

महोदय,
वरील प्रश्नात दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज 9 व अदलाबदलीनंतरचा फरक 27 दिला आहे. दोन्हींपैकी कोणती संख्या मोठी हे प्रश्नात नमूद नाही. त्यामुळे 63 व 36 या दोन्ही संख्या दिलेल्या अटी पूर्ण करतात. दोन्हींचा ताळा सोबत जोडला आहे.
तरी गुणदान ठरवताना 63 व 36 ही दोन्ही उत्तरे स्वतंत्रपणे ग्राह्य धरावीत आणि दोन्हींपैकी कोणतेही एक उत्तर योग्य पायऱ्यांसह लिहिणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत, तसेच ही बाब मुख्य नियामकांच्या बैठकीपुढे ठेवावी, ही विनंती.
सोबत: प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानाची व संबंधित पानाची प्रत, ताळा, पाठ्यपुस्तकातील संबंधित पानाची प्रत.

पत्र एवढंच. एका पानात संपतं. त्यात पोराचं नाव नाही, त्याने किती अभ्यास केला हे नाही, घरची परिस्थिती नाही. ते सगळं खरं असेलही, पण बैठकीत बसलेल्या माणसाला निर्णय घ्यायचाय तो प्रश्नावर, पोरावर नाही. ताळा शेजारी ठेवला की "नाही" म्हणायला त्याच्याकडे जागा उरत नाही. मागणीही बेताची आहे. ज्याने गणित सोडवलंच नाही त्याला फुकट गुण द्या असं पत्र म्हणत नाही, म्हणून ते मान्य करणं सोपं जातं.

पत्र शाळा किंवा कॉलेजच्या मार्फत, मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने गेलेलं बरं. तालुक्यातल्या तीन-चार शाळांच्या विषय शिक्षकांच्या सह्या असल्या तर अजून वजन येतं. ईमेल त्याच दिवशी करावा. कोणी वाशीकडे जाणारं असेल तर छापील प्रत आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. पुढे कधी "तुम्ही वेळेत कळवलं नाही" असा मुद्दा निघाला तर तो शिक्काच उपयोगी पडतो.

पुस्तकात आहे म्हणून बरोबर?

दोन उत्तरांचा वाद देशपातळीवर कसा पेटतो हे 2024 च्या नीटमध्ये दिसलं. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात अणूबद्दल दोन विधानं होती. त्यातल्या दुसऱ्या विधानात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असं म्हटलं होतं. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसं वाक्य होतं, नव्या पुस्तकात ते बदललेलं होतं. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने ते विधान चूक. पण जुन्या पुस्तकावर अभ्यास केलेल्या मुलांसाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही पर्यायांना गुण दिले.

हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांकडून मत मागवलं, त्यांनी एकच पर्याय बरोबर असल्याचं सांगितलं आणि जुलै 2024 मध्ये निकाल पुन्हा लावावा लागला. दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून जास्त मुलांचे 5 गुण गेले. 4 मिळालेले आणि 1 चुकीच्या उत्तराचा वजा. पैकीच्या पैकी गुण असलेली मुलं 61 होती, ती 17 वर आली.

यातून पत्र लिहिणाऱ्याने दोन गोष्टी घ्यायच्या. एक, पुस्तकाचा आधार देताना पुस्तक चालू आवृत्तीचं आहे ना हे पाहावं आणि आवृत्तीचं वर्ष पत्रात लिहावं. मोठ्या भावाचं जुनं पुस्तक वापरणाऱ्या घरांत हा घोटाळा सहज होतो. दोन, एका गटाला दिलेला गुण दुसऱ्या गटाच्या पदरातून जातो. जिथे गुणांवर प्रवेश ठरतो, तिथे "सर्वांना द्या" ही मागणी दिसते तितकी निरुपद्रवी नाही. बरोबर उत्तर लिहिणाऱ्या पोराने मेहनतीने मिळवलेला पुढचा नंबर त्यात बुडतो.

कोर्टाचा रस्ता अरुंद का

गावात कोणीतरी म्हणतंच, "हायकोर्टात जाऊ." कायदा याबाबत काय म्हणतो ते माहीत असलेलं बरं. 1983 मध्ये कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. पण त्याच निकालात म्हटलं की परीक्षा घेणाऱ्याने धरलेलं उत्तर बरोबरच आहे असं समजून चालायचं, आणि ते चूक आहे हे मुलाने स्वच्छ दाखवून द्यायचं. लांबलचक युक्तिवाद करून, ओढूनताणून ते चूक ठरवता येणार नाही. मुलं जिंकली कारण मान्य पाठ्यपुस्तकं त्यांच्या बाजूने होती. पुढे डिसेंबर 2017 मध्ये उत्तर प्रदेशातल्या शिक्षक भरतीच्या प्रकरणात कोर्टाने आणखी स्पष्ट केलं की शंका राहिली तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, परीक्षार्थीला नाही.

म्हणजे कोर्टातसुद्धा शेवटी तेच लागतं जे पहिल्या दिवशीच्या पत्रात लागतं: प्रश्नाची प्रत, पुस्तकाचं पान आणि दोन ओळींत पटेल असा ताळा. फरक एवढाच की पत्राला एक संध्याकाळ आणि एक ईमेल लागतो, तर कोर्टाला पैसा लागतो आणि तोवर प्रवेशाच्या याद्या लागून गेलेल्या असतात.

सीईटी किंवा नीटसारख्या परीक्षांत उत्तरसूची जाहीर होते आणि ठरलेल्या मुदतीत प्रश्नागणिक फी भरून हरकत घ्यायची खिडकी उघडते. दहावी-बारावीला अशी खिडकी नाही, उत्तरसूची समोर येत नाही. त्यामुळे चूक कोणी दाखवायची, तर ज्याच्या हातात पेपर आहे त्यानेच. शहरातल्या मोठ्या कॉलेजांत विषयाचे चार-पाच शिक्षक असतात, पेपर सुटल्याबरोबर ते सोडवून बघतात. तालुक्याच्या शाळेत गणिताचा एकच मास्तर, आणि तोही कुठल्यातरी केंद्रावर पर्यवेक्षणाला गेलेला. म्हणून इथली चूक इथेच राहते. यावर उपाय साधा आहे. पेपर संपला की त्याच दिवशी दोन-तीन गावच्या विषय शिक्षकांनी मिळून पेपर सोडवून पाहायचा, आणि खटकलेला प्रश्न असेल तर ग्रुपवर फोटो टाकण्याआधी मुख्याध्यापकांच्या टेबलावर पत्र ठेवायचं.